पैशानं अडलेलं काही नाही

एखाद्या मोठ्या कंपनीतून उपाध्यक्ष किंवा संचालक म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांची पंच्याहत्तरी जवळ आली, की त्यांच्या माणसांची एक ठरलेली पंचाईत होते. साहेबांना द्यायचं काय? विचारावं तर उत्तर तयार असतं, 'काही आणू नका, आहे तेच आवरत नाही.' हे उत्तर आपण सहसा शिष्टाचारात काढतो. आपल्याकडे 'नको' ही घेण्याची पहिली पायरी असते. पानावर बसलेल्यानं दोनदा नको म्हटल्याशिवाय वाढणाऱ्यालाही वाढल्याचं समाधान मिळत नाही. मग कोणी चांदीचा गणपती आणतो, कोणी शाल, कोणी पावलं मोजणारं मनगटी घड्याळ. साहेब हसून घेतात, काकू ती पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेवतात, आणि पाहुणे गेल्यावर आधीच्या तीन गणपतींशेजारी चौथा बसतो. माझं म्हणणं असं, की या एका माणसाच्या बाबतीत 'नको' हा शब्द जसाच्या तसा घ्यावा. फक्त तो नीट ऐकावा. ते वस्तू नको म्हणतात. मला काहीच नको आहे, असं ते म्हणत नाहीत.

वस्तू का नको, हे समजायचं तर अशा घरातलं शोकेस जरा वेळ निरखावं. त्यात पितळी समया असतात, कंपनीत बनणाऱ्या यंत्राची छोटी प्रतिकृती असते, आणि स्मृतिचिन्हं असतात: अॅक्रिलिकचे ठोकळे, लाकडी ढाली, मखमली डब्यातल्या तबकड्या. प्रत्येकावर साहेबांचं नाव आणि एक तारीख कोरलेली. या कोरलेल्या नावानं मोठी अडचण केलेली असते. ती वस्तू दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, आणि भंगारात टाकायची तर आपण आपल्यालाच टाकतो आहोत असं वाटतं. शिवाय या माणसानं तीस-चाळीस दिवाळ्या सुक्यामेव्याचे डबे, चांदीची नाणी, डायऱ्या आणि पेनांचे संच घेतलेले असतात. यातलं बरंचसं आपल्याला नव्हे, आपल्या खुर्चीला आलं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कारण निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दिवाळीला डब्यांची संख्या त्यानं मोजलेली नसली तरी पाहिलेली असते. बऱ्याच कंपन्यांत ठरावीक किमतीपुढची भेट कळवावी किंवा परत करावी असा नियम असतो; तो नियम खालच्यांना समजावून सांगण्याचं कामही कधीकाळी त्याच्याकडेच असण्याची शक्यता दाट. अशा माणसाच्या हातात रंगीत कागदात बांधलेलं खोकं दिलं, की त्याची नजर सवयीनं आधी किमतीचा अंदाज घेते. मार्सेल मोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञानं 1925 साली दानावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात भेटीमागची तीन बंधनं सांगितली: देण्याचं, स्वीकारण्याचं आणि परतफेडीचं. आपल्याकडे आहेराची वही ठेवणाऱ्या घरांना हे मोसकडून शिकायची गरज नव्हती. पंच्याहत्तरीच्या माणसासाठी परतफेड म्हणजे पैसा नसतो, काम असतं. आभाराचा फोन, कोणी काय दिलं ते लक्षात ठेवणं, देणारा पुन्हा घरी यायच्या दिवशी ती वस्तू दिसेल अशी काढून ठेवणं. वस्तू फुकट येते आणि मग तिला जागा, फडकं आणि स्मरणशक्ती पुरवत बसावं लागतं.

याची दुसरी बाजू एका अर्थशास्त्रज्ञानं मोजली आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, की नाताळात मिळालेल्या भेटींवर देणाऱ्यानं किती खर्च केला असेल, आणि तुमच्या लेखी, भावनेचा भाग सोडून, त्या वस्तूची किंमत किती. दोन आकड्यांत फरक पडला: खर्च झालेल्या पैशांपैकी साधारण एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग मधल्यामध्ये विरून गेला होता. मित्रांनी आणि जोडीदारांनी दिलेल्या वस्तूंत गळती कमी होती, लांबच्या आणि वयानं मोठ्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त. आता यावर कोणी म्हणेल, भावनेचा भाग सोडून भेटीची किंमत काढणं म्हणजे मीठ सोडून आमटीची चव घेणं. आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच हा अभ्यास भेटी देऊ नयेत हे सिद्ध करायला मी वापरत नाही. पण त्यातला तर्क आपल्या साहेबांना लावला तर एक गोष्ट उघड होते. येलचा विद्यार्थी पैशाअभावी काही गोष्टी विकत घेत नव्हता. त्याला मिळालेली भेट निदान त्या उणिवेवर बसू शकत होती. साहेबांचं तसं नाही. पाच-दहा हजारांची कुठलीही वस्तू ते फोनवर दोन मिनिटांत मागवू शकतात. त्यांनी ती घेतली नाही याचा अर्थ त्यांनी तिचा विचार करून ती नाकारली आहे, किंवा तिची गरज त्यांच्या मनातही आलेली नाही. आपण दुकानात उभं राहून 'यांच्याकडे काय नाही?' असं विचारतो तेव्हा त्यांनी आधीच नापसंत केलेल्या गोष्टींची यादी करत असतो.

प्रश्न बदलायला हवा. त्यांच्याकडे काय नाही हे सोडावं आणि त्यांचं काय अडलं आहे ते पाहावं. पैशानं काही अडलेलं नाही, हे गृहीत. पण पैसा हा अडण्याच्या अनेक कारणांपैकी एकच आहे. उरलेल्यांत दोन मोठी: खटपट आणि संकोच. वरिष्ठ अधिकारी निवृत्त होतो तेव्हा त्याचं काय जातं ते बघा. गाडी जाते, पण ती तो घेऊ शकतो. पद जातं, त्याचं दुःख त्यानं मनाशी करून संपवलेलं असतं. खरं जातं ते त्याच्याभोवतीचं हातांचं जाळं. तिकिटं काढणारी, तारखा सांभाळणारी, 'सर, ते पत्र राहिलंय' अशी आठवण करणारी सेक्रेटरी. नवा फोन हातात देताना जुन्यातलं सगळं त्यात घालून देणारा संगणक विभागातला मुलगा. फॉर्म भरून फक्त सहीची जागा दाखवणारा कारकून. तीस वर्षं या माणसानं मोठे निर्णय घेतले आणि किरकोळ कामं त्याच्यापर्यंत पोचलीच नाहीत. निवृत्तीनंतर मोठे निर्णय संपतात आणि किरकोळ कामांचा ढीग थेट त्याच्या मांडीवर येतो. त्यातली बरीच कामं तो शिकतोही, पण काही तशीच पडून राहतात, कारण ती कंटाळवाणी आणि लांबलचक असतात, आणि ती करून द्यायला कोणाला सांगायचं याचा त्याला संकोच वाटतो. पूर्वी तो सांगायचा तेव्हा ते दुसऱ्याचं कामच होतं. आता सांगितलं तर ते उपकार मागणं होतं. साहेबीण असल्या तरी यात फार फरक पडत नाही. फक्त लोक शालीऐवजी पैठणी आणतात, आणि निवृत्त बाईंना घरच्या किरकोळ कामांची सवय असेलच असं परस्पर धरून चालतात, जे बहुतेकदा चूक असतं.

खरेदीचा सोपा मार्ग खाण्यापिण्याचा, आणि त्याबद्दल मला आदर आहे. रिकाम्या हातानं जाऊ नये ही आपली रीत वस्तूंबद्दल नाहीच मुळी. नारळ, फळं, फुलं, पेढे ही सगळी संपणारी मंडळी आहेत. पूर्वजांना शोकेस नव्हतं हे खरं, पण शहाणपणही होतं. घोटाळा होतो तो प्रमाणात. मानाच्या माणसाला द्यायचं म्हणून आपण हापूसची पाच डझनांची पेटी नेतो. साठ आंबे, घरात माणसं दोन, त्यातल्या एकाची साखर वाढलेली. अढीत एकदा पिकायला लागले की चार-सहा दिवसांत सगळे तयार होतात आणि मग वाट बघत नाहीत. काकू मोलकरणीला, वॉचमनला, शेजारी वाटत सुटतात, उरलेल्यांचा रस काढून फ्रीजरमध्ये ठेवतात, आणि पेटीचं लाकूड बाल्कनीत पावसाळाभर पडून राहतं. तेच जर आंबेवाल्याला सांगून दर आठवड्याला अर्धा डझन, उद्या-परवा खायला होतील असे, चार आठवडे पाठवले, तर खर्च निम्म्याहून कमी, आणि प्रत्येक आंबा खाल्ला जातो. हे करायला देणाऱ्याला मात्र पेटी उचलण्यापेक्षा जास्त डोकं चालवावं लागतं. ती जास्तीची खटपट हीच इथे भेट असते. पण संपणारं आणलं म्हणून मूळ प्रश्न सुटत नाही. त्यानं उपद्रव टळतो, इतकंच.

दुसरा मार्ग अनुभवांचा. वस्तू देऊ नका, प्रवास द्या, मैफलीची तिकिटं द्या, असं हल्ली सगळीकडे सांगतात. अमित भट्टाचार्जी आणि कॅसी मॉगिल्नर यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. तरुण माणसांना आनंद आणि स्वतःची ओळख असाधारण अनुभवांतून जास्त मिळते. पुढे फार काळ उरलेला नाही असं वाटणाऱ्यांना साध्या, रोजच्या अनुभवांतूनही तितकाच आनंद मिळतो, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ज्या माणसानं नोकरीच्या निमित्तानं वर्षातले शंभर दिवस विमानात आणि हॉटेलांत काढले, त्याला पंचतारांकित हॉटेलातल्या दोन रात्रींचं कूपन देणं हे वाण्याला साखर देण्यासारखं आहे. त्यात तारीख ठरवायची, गुडघ्यांना विचारायचं, कूपनाची मुदत संपायच्या आत जायचं. म्हणजे पुन्हा काम. त्यापेक्षा एखाद्या सकाळी गाडी काढून त्यांना त्यांच्या जुन्या गावातल्या शाळेपर्यंत नेऊन आणणारा माणूस जास्त देतो, पण ती भेट दुकानात मिळत नाही, आणि देणाऱ्याला स्वतः हजर राहावं लागतं.

तिसरा मार्ग त्यांच्या नावानं देणगी देण्याचा. याच्या पाठीशी परंपरा भक्कम आहे. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा सोहळा. वर्षात बारापेक्षा थोड्या जास्त पौर्णिमा येत असल्यानं हा हिशेब ऐंशी वर्षं दहा महिन्यांच्या आसपास भरतो. त्या दिवशी दानाचा ओघ बहुतेक बाहेर वाहतो: तुला होते, ती गुळाची असो की ग्रंथांची, आणि तोललेलं सगळं दुसऱ्याकडे जातं. वय वाढलं की माणसानं घेणारा न राहता देणारा व्हावं ही समज त्यात मुरलेली आहे, आणि ती मला फार पटते. अडचण वेगळीच आहे. आपण देणगी देतो ती बहुतेकदा आपल्या आवडत्या संस्थेला. पावती आणि त्यावरची प्राप्तिकराची सवलत ज्यानं पैसे भरले त्याची. साहेबांच्या वाट्याला येतं ते एक अभिनंदनपर पत्र, जे पुन्हा एखाद्या फाइलीत ठेवावं लागतं. तुलेत देणारा स्वतः पारड्यात बसलेला असतो, कोणाला द्यायचं हे तोच ठरवतो. देणगीला अर्थ यायचा असेल तर संस्था त्यांनी निवडलेली हवी, आणि शक्य असेल तर त्यांच्याकडचं काही त्यात जायला हवं: अभियांत्रिकीची तीनशे पुस्तकं, ड्रॉइंगची साधनं, जपून ठेवलेले नियतकालिकांचे अंक. ही पुस्तकं कुठलंही ग्रंथालय डोळे मिटून घेत नाही. आधी यादी मागतं, त्यातली चाळीस निवडतं. ती यादी करणं, फोन करणं, निवडलेली पोचवणं आणि नाकारलेल्यांची मानानं व्यवस्था लावणं, हे सगळं दोन रविवारांचं काम. त्यांच्या घरात काही न आणता त्यांच्या घरातून काही नेणारा पाहुणा हा या घरातला दुर्मिळ पाहुणा ठरेल.

इथपर्यंत आलं, की अडलेलं काम ओळखायचं कसं हा प्रश्न उरतो, कारण ते विचारून सांगितलं जात नाही. 'काही मदत हवी आहे का?' या प्रश्नाला 'छे, सगळं छान चाललंय' हेच उत्तर येणार. ज्यानं आयुष्यभर आढावा बैठकांत इतरांच्या अडचणी ऐकल्या त्याला स्वतःची अडचण मांडायची सवय नसते. त्याऐवजी बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारं एक वाक्य पकडावं: 'ते एकदा करायला पाहिजे.' सहा महिन्यांच्या अंतरानं हे वाक्य एकाच गोष्टीबद्दल दोनदा ऐकू आलं, तर ते काम पैशानं अडलेलं नाही, कंटाळ्यानं आणि संकोचानं अडलं आहे असं खुशाल समजावं. काकूंना ही यादी पाठ असते. आणि कपाटं बोलतात. बंद पडलेले चार जुने फोन एका ड्रॉवरमध्ये असतील तर त्यांत अडकलेले फोटो असतात. फाइलीत कागदी शेअर सर्टिफिकेट असतील तर तेही अडलेलंच काम आहे: 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाहीत, विकायचे तर आधी ते डीमॅट करावे लागतात, आणि चाळीस वर्षांपूर्वीची सही आजच्या थरथरत्या सहीशी जुळत नाही म्हणून बँकेकडून ती साक्षांकित करून आणावी लागते. अर्थात पैशाच्या कागदांना मुलगा-मुलगीच हात लावू शकतात, तेही बोलावल्यावर. पुतण्यानं किंवा जुन्या सहकाऱ्यानं तिकडे फिरकू नये. त्यांच्यासाठी माळ्यावरची पेटी आहे.

ही पेटी जवळजवळ प्रत्येक अशा घरात असते, म्हणून तिच्याकडे नीट बघू. पत्र्याची ट्रंक किंवा टीव्हीचं जुनं खोकं, त्यात सात-आठ अल्बम, पिवळ्या पडलेल्या पाकिटांत निगेटिव्ह, एखादी स्लाइडची पेटी, आणि लग्न-मुंजींच्या दोन-तीन व्हीएचएस कॅसेट. 'हे सगळं एकदा संगणकावर घ्यायला पाहिजे' हे वाक्य निवृत्तीच्या वर्षापासून ऐकू येत असतं. समजा त्यात सहाशे फोटो आहेत. घरच्या सपाट स्कॅनरवर फोटो काढणं, पुसणं, ठेवणं, स्कॅन करणं, नाव देणं आणि परत जागेवर लावणं याला एका फोटोमागे दोन मिनिटं धरली तरी वीस तास होतात. रोज अर्धा तास बसलं तर चाळीस दिवस, आणि तेही पाठ न दुखता. कोणी पंच्याहत्तरीचा माणूस हे एकट्यानं करणार नाही, आणि दुकानात द्यायला त्याचं मन होत नाही, कारण आईचा एकुलता एक फोटो अनोळखी माणसाच्या हाती सोपवायचा असतो. काम अडलं आहे ते इथे.

कामाची रीत फारशी अवघड नाही, पण काही गोष्टी न कळल्यानं नुकसान होतं. काळ्या कागदाच्या जुन्या अल्बममधले फोटो कोपऱ्यांत अडकवलेले असतात, ते सहज निघतात. खरा वैरी 1970-80च्या काळातला चिकट पानांचा अल्बम, ज्यात फोटो गोंदाच्या रेघांवर ठेवून वरून प्लॅस्टिकचा पडदा ओढलेला असतो. तो गोंद आता फोटोला धरून बसलेला असतो. नखानं ओढलं तर फोटोचा पापुद्रा जातो. दात साफ करायचा दोरा फोटोखालून अलगद सरकवत नेला तर बहुतेक निघतात; जो निघत नाही त्याला पानासकट स्कॅन करावं, हट्ट करू नये. नेहमीचा सहा बाय चार इंची फोटो 600 डीपीआयवर स्कॅन केला की पुरेसा तपशील येतो, मोठी प्रतही काढता येते. जुन्या बॉक्स कॅमेऱ्याच्या चिमुकल्या चौकोनी प्रतींना त्याच्या दुप्पट ठेवावं, कारण समूहातला चेहरा तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. लालसर पडलेले रंगीत फोटो संगणकावर बरेच सुधारतात, पण मूळ स्कॅन तसाच ठेवून सुधारणा प्रतीवर कराव्यात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यांतून गेलेल्या व्हीएचएस कॅसेटच्या काचेतून फितीवर पांढरी बुरशी दिसते का, हे आधी पाहावं. दिसली तर ती चालू यंत्रात घालू नये, फीत तर जातेच, पुढच्या कॅसेटींनाही लागण होते. कॅसेटींची घाई मात्र खरी आहे: व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीनं 2016 साली उत्पादन थांबवलं, आणि दुरुस्त करणारे हात त्यानंतर कमीच होत आहेत. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करावं, 1978-05 नाशिक अशा धर्तीवर, म्हणजे सगळे फोटो आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. मूळ फोटो टाकू नयेत, हे सांगायला नको, तरी सांगतो.

यातली सगळ्यात मोठी चूक तांत्रिक नसते. हौशी पुतण्या पेटी गुपचूप उचलून नेतो, महिनाभर खपून सगळं स्कॅन करतो आणि वाढदिवशी पेनड्राइव्ह हातात ठेवतो. साहेब खूश होतात, आणि पेनड्राइव्ह त्या ड्रॉवरमध्ये जातो, जुन्या फोनांशेजारी. कारण सहाशे चेहऱ्यांपैकी चारशे कोणाचे हे पुतण्याला माहीत नव्हतं, त्यानं विचारलंही नाही, आणि आता ते माळ्यावरच्या पेटीचंच दुसरं रूप झालं. काही जण याहून पुढे जाऊन दीडशे पानांचं गुळगुळीत छापील पुस्तक करून आणतात किंवा भिंतीवर फोटो बदलत राहणारी डिजिटल चौकट. वस्तू नको म्हणणाऱ्याच्या घरात वस्तू पुन्हा मागच्या दारानं आली. स्कॅन ही या कामातली हमाली आहे. भेट आहे ती विचारण्यात. एका बैठकीत वीस फोटो, जास्तीत जास्त पंचवीस. टेबलावर मोठा पडदा, शेजारी फोनवर आवाज मुद्रित करायला ठेवलेला, आणि तो ठेवला आहे हे सांगून. प्रश्न बारीक हवेत. 'त्या काळच्या आठवणी सांगा' म्हटलं की निवृत्त अधिकारी भाषण करतो. तेच भाषण त्यानं निरोप समारंभात केलेलं असतं. 'डावीकडून तिसरा, हातात टोपी असलेला, हा कोण?' असं विचारलं की तो पुढे वाकतो. आणि एखाद्या फोटोवर तो गप्प राहिला, तर तो फोटो पुढे सरकवावा.

यावर रास्त आक्षेप असा, की सगळ्यांनाच मागे वळून बघायचं नसतं. काही जण निवृत्तीनंतर ब्रिज शिकतात, बागकाम करतात, जुन्या कंपनीचं नावही काढत नाहीत, आणि त्यांना अल्बमपाशी बसवणं हा छळ आहे. मान्य. म्हणूनच 'एकदा करायला पाहिजे' हे वाक्य त्यांच्या तोंडून आलेलं असावं, आपल्या कल्पनेतून नव्हे. ब्रिजवाल्याला बहुधा चौथा भिडू हवा असतो, आणि दर बुधवारी चौथा भिडू होणं हीही महागच भेट आहे. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: दुकानात जाऊन दोन हजार खर्च करणं सोपं, हे वीस तास कोणाकडे आहेत? खरं आहे. बऱ्याच जणांकडे नाहीत, आणि नसतील त्यांनी अर्धा डझन आंबे न्यावेत, गप्पा माराव्यात आणि यावं. त्यात काही कमीपणा नाही. पण दोन हजारांची वस्तू आणि वीस तास यांत साहेबांना महाग काय आणि स्वस्त काय, याचा अंदाज त्यांच्याइतका कोणालाच नसतो. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तासांचाच हिशेब केला आहे.

अशा बैठका दर रविवारी होऊ लागल्या, की तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक गोष्ट घडते, तिच्यावरून काम लागू पडलं की नाही हे कळतं. पुतण्या पोचतो तेव्हा पुढचे पंचवीस फोटो काकांनी आधीच काढून क्रमानं लावून ठेवलेले असतात, शेजारी एका कागदावर नावं, आणि काही नावांपुढे प्रश्नचिन्ह. कारखान्यातल्या 1983च्या दसऱ्याच्या फोटोत पूजेच्या यंत्रामागे उभा असलेला माणूस त्यांना ओळखू येत नाही. स्टोअरमधला असावा, आडनाव ओठांवर आहे. कोणाला माहीत असेल, तर तेव्हाच्या टूलरूमच्या फोरमनना, ते आता नाशिकला लेकीकडे असतात. नंबर जुन्या डायरीत आहे. डायरी सापडते, नंबर लँडलाइनचा असतो, लागत नाही. मग काका तिसऱ्याच माणसाला फोन लावतात, बऱ्याच वर्षांनी, आणि कोण बोलतंय हे सांगताना पद न लावता नुसतं आडनाव सांगतात.